अर्ध्यावर सोडलेली झबली

आमचं दुकान म्हणजे मोबाइलवर उघडणारी एक वेबसाइट. अमरावतीला घराच्या पुढच्या खोलीत बसून मी ती चालवत होते, आणि तिथे विकला जाणारा माल अकोल्याला शिवला जात होता. तान्ह्या बाळांचे सुती कपडे, म्हणजे झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. शिवणाऱ्या माझ्या मोठ्या नणंदबाई आणि त्यांच्यासोबतच्या काही बाया. बुद्ध विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक लांबट हॉल भाड्याने घेतला होता. तो घेताना त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "घेऊ ना वं?" आणि मी म्हटलं होतं, "घ्या ताई, मागणी येतेय."

मागणी येत होती हे खोटं नव्हतं. आम्ही जाहिरात वाढवली होती. ज्या अ‍ॅपवर बाया रील पाहतात, त्याच अ‍ॅपवर आमच्या टोपड्यांचे फोटो फिरत होते. माणसं येत होती, कपडे पाहत होती, कार्टमध्ये, म्हणजे वेबसाइटवरच्या टोपलीत, टाकत होती. आणि तिथेच सोडून निघून जात होती. खऱ्या दुकानात एखादी बाई हातातली पिशवी काउंटरवर ठेवून निघून गेली, तर आपण मागे जाऊन विचारू तरी शकतो. इथे कुणाच्या मागे धावणार? रोज सकाळी मी लॅपटॉप उघडून भरलेल्या आणि सोडलेल्या कार्टचा आकडा बघायची.

एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. मागे मशिनींचा आवाज रोजच्यापेक्षा कमी होता.

"काय वं, लोक टोपल्या भरून काऊन पळून जाऊन राहिले?"

"बघतेय मी ताई."

"पाह्य बाई लवकर. इथं माल ठेवाले जागा नाही राहिली. या बाया मले विचारत नाहीत, पण माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या सगळ्या. महिना संपेपर्यंत मले त्याईले काहीतरी सांगा लागते."

महिना संपेपर्यंत म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं. नव्याने घेतलेल्या बायांना घरी बसा म्हणावं लागणार होतं. त्यातली एक भातकुलीकडची, माझ्याच सांगण्यावरून अकोल्याला खोली करून राहिली होती.  

सोडलेल्या कार्टचं कारण प्रत्येकाकडे तयार होतं. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचं म्हणणं, भाव जास्त आहेत. जाहिरातीचं काम बघणारा माणूस म्हणाला, सवलतीचं कूपन द्या. ताईंचं मत सगळ्यात पक्कं होतं: सामान हातात पडल्यावर पैसे द्यायची, म्हणजे घरपोच पैशांची, सोय आपण बंद केली, म्हणून हे झालं. ती सोय मीच बंद केली होती, कारण पार्सलं परत यायची. कुणी दारच उघडायचं नाही, कुणी उघडून बघून परत करायचं, आणि एकदा उघडलेलं, हाताळलेलं तान्ह्या बाळाचं झबलं दुसऱ्याला विकायला मन धजत नाही.

सगळ्यात सोपं म्हणून मी कूपन लावलं. पैसे भरायच्या पानावर एक रिकामी चौकट आली: कूपन असल्यास इथे टाका. आठवडाभराने बघितलं तर परिस्थिती होती त्याहून वाईट. ज्यांच्याकडे कूपन नव्हतं त्यांना ती चौकट बघून वाटत असणार की दुसऱ्यांना स्वस्तात मिळतंय. कूपन शोधायला गेलेली माणसं परत येत नव्हती. मी चौकट काढून टाकली. त्या दिवशी जेवताना यजमानांनी विचारलं, "काही फरक?" "नाही," म्हणून मी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. 

कॉलेजात माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण पुण्याला बरीच वर्षं अशाच ऑनलाइन दुकानांचं काम करायची. वडिलांच्या आजारपणामुळे ती अमरावतीला परत आली होती आणि घरूनच काम करत होती. तिला विचारायला मी टाळत होते. आपलं दुकान नीट चालत नाही हे जाणकार माणसासमोर उघडं करायची लाज वाटते. शेवटी गेले. तिने चहा ठेवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. भाव, कूपन, घरपोच पैसे. मग म्हणाली, "हे सगळे उपाय झाले. दुखतंय कुठं ते सांग ना."

"म्हणजे?"

"माणूस कार्टमध्ये वस्तू टाकतो. मग पैसे भरायच्या पानावर जातो. मग पत्ता लिहितो, मग पोचवायचा खर्च बघतो, मग पैसे देतो. यातल्या कोणत्या पायरीवर तुझी माणसं गळतात?"

मला माहीत नव्हतं. मी फक्त दोन टोकं बघत होते, भरलेल्या कार्ट आणि आलेल्या ऑर्डरी. मधलं सगळं माझ्यासाठी अंधारच होता. तिने माझा लॅपटॉप ओढून घेतला आणि पायऱ्या वेगवेगळ्या मोजायची सोय लावून दिली. "चार दिवस थांब," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव, कार्ट सोडून जाणारी सगळीच माणसं नाराज नसतात. निम्म्या बाया नुसत्या आवडलेल्या वस्तू बाजूला काढून ठेवतात. सगळ्या कार्ट विकल्या जातील अशी आशा धरशील तर वेडी होशील."

ते चार दिवस कसे गेले ते माझं मलाच माहीत. पाचव्या दिवशी आम्ही दोघी परत बसलो. कार्टमधून पुढेच न गेलेल्या बऱ्याच होत्या, पण मैत्रीण म्हणाली ते सगळीकडे असतं. तिचं बोट दोन ठिकाणी थांबलं. पत्ता लिहिल्यावर पोचवायचा खर्च जिथे पहिल्यांदा दिसतो, तिथे एक मोठी गळती होती. आणि दुसरी अगदी शेवटी, पैसे देताना. ही दुसरी बघून ती सरसावून बसली.

"इथंवर आलेली बाई घ्यायचं ठरवूनच आलेली असते गं. तिनं पत्ता लिहिला, खर्च बघून हो म्हटलं. ती इथं काऊन थांबली?"

"पेमेंट फेल होत असेल?"

पैसे घेणाऱ्या कंपनीच्या पानावर आम्ही बघितलं. फेल झालेले व्यवहार अगदीच थोडे. तिथे सगळं स्वच्छ दिसत होतं. मग तिने माणसं वेगळी केली: कॉम्प्युटरवरून आलेली, फोनवरून स्वतः शोधत आलेली, आणि जाहिरातीवर बोट ठेवून आलेली. पहिल्या दोन गटांतली माणसं पैसे भरून मोकळी होत होती. तिसऱ्या गटातली जवळजवळ कुणीच नाही. आणि आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं त्या तिसऱ्याच गटातली होती.

"कुठं ते कळलं," ती म्हणाली. "पण काऊन, ते आकडे नाही सांगत. बायांना खरेदी करताना पाहावं लागेल."

शनिवारी आम्ही दोघी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. ताईंनी गल्लीतल्या तिघींना बोलावून ठेवलं होतं. कुणाच्या घरी नातवंड यायचं होतं, कुणाच्या बहिणीला नुकतीच मुलगी झालेली. मैत्रिणीने त्यांना एवढंच सांगितलं, "तुमच्या तुमच्या फोनवर आमची जाहिरात दिसेल. तिथून एक झबलं घ्यायचं, नेहमी घेता तसं. पैसे आम्ही परत करू. आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला." मग आम्हाला दोघींना ती हळूच म्हणाली, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. मदत करायची नाही."

गप्प बसून बघणं फार कठीण होतं. पहिली बाई छान पुढे गेली, पत्ता लिहिला, आणि एकदम थांबली. "हे कायचे पैसे?" तिने आमच्याकडे बघितलं. आम्ही दगडासारख्या. "एका झबल्याले एवढा पोचवाचा खर्च? मंग मी बाजारातून नाही आणणार?" तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. दुसरीच्या घरी नातवंड यायचं होतं. ती कपड्यांचे फोटो खालीवर करत एकच गोष्ट शोधत होती. "बारशापर्यंत येईन का हे? कोठी लिहूनच नाही." ते आम्ही खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिसरी बाई शेवटपर्यंत गेली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच तिने यूपीआयच्या बटणावर बोट ठेवलं, आणि काहीच झालं नाही. तिने परत दाबलं. मग जोरात दाबलं. "नेट गेलं वाटते," म्हणून तिने फोन बंद करून चालू केला, आणि कार्ट रिकामी. "जाऊ द्या, उद्या पाह्यतो," ती म्हणाली आणि उठली. ताईंनी तिच्या हाताला धरून बसवलं नसतं तर ती गेलीच असती.

मैत्रिणीने तो फोन मागून घेतला. रीलच्या अ‍ॅपमधून जाहिरात दाबली की आमचं दुकान त्या अ‍ॅपच्याच पोटात उघडायचं, फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये नाही. आणि तिथून पैशांचं अ‍ॅप उघडतच नव्हतं. बटण दाबलं तरी पुढे काही सुरूच व्हायचं नाही, म्हणून फेल म्हणून नोंदही व्हायची नाही. मी दुकान तपासायची तेव्हा दर वेळी ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून उघडायची. माझ्या हातात ते कधीच बंद पडलं नव्हतं. किती बायांनी नेट गेलं समजून फोन खाली ठेवला असेल, कुणास ठाऊक.

जेवणं झाल्यावर ताईंनी कापड कापायचं मोठं टेबल रिकामं केलं. मैत्रिणीने मार्किंगचा खडू उचलला आणि टेबलावरच लिहायला लागली. तिची पद्धत साधी होती. एखादा अडथळा किती जणींना लागतो, तो काढल्यावर त्या खरंच घेतील याची आपल्याला किती खात्री आहे, आणि काढायला किती मेहनत लागेल. तिन्ही मिळून क्रम.

यूपीआय बटण वर गेलं. तिथे पोचणाऱ्या बाया कमी होत्या, पण पोचणारी प्रत्येक जण घ्यायला आलेली होती. "हे तर तपासाचंही काम नाही. मोडलेली गोष्ट दुरुस्त करायची असते," ती म्हणाली. त्याखाली पोचवायचा खर्च. हा सगळ्यांना लागतो, पण तो आधी दाखवला तर घेतील की आधीच निघून जातील, हे नक्की सांगता येत नव्हतं. त्याखाली, माल कधी पोचेल तो दिवस. भाव कमी करणं अगदी तळाला गेलं. तिघींपैकी एकीनेही झबल्याच्या भावाबद्दल ब्र काढला नव्हता.

"आणि घरपोच पैसे?" ताईंनी विचारलं.

"मधे," मैत्रीण म्हणाली. "त्यानं ऑर्डरी वाढतील, हे खरं. पण परत येणारं पार्सल म्हणजे दोन्हीकडचा खर्च आणि वाया गेलेला कपडा. वाढलेल्या ऑर्डरीतून ते वजा करावं लागेल."

"तू पुण्यावाली झाली वं," ताई म्हणाल्या. "आपल्याकडच्या बाईचा आधी हातात पाह्यल्याशिवाय इश्वास बसत नाही. तुमी ते खाली टाकून राहिल्या, आन् मले सोमवारी या बायांचं तोंड पाह्यचं आहे."

 आवाज चढला नव्हता, पण ताईंचे हात टेबलावरच्या दुपट्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. मी मध्ये पडले. आधी बटण, मग खर्च, मग गरज वाटली तर घरपोच पैसे फक्त अमरावती-अकोल्यात करून बघू, असं ठरलं. सगळं एकदम बदलायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मैत्रिणीने आणखी एक गोष्ट वरच्या बाजूला लिहिली होती: आठवणीचा मेसेज. कार्ट सोडून गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी आपोआप मेसेज. बहुतेक दुकानं करतात, अर्ध्या तासाचं काम, आणि थोड्या तरी बाया परत येतात. मेसेज मी लिहायचा होता. परतीच्या प्रवासात मूर्तिजापूर जाईपर्यंत माझ्या डोक्यात एक ओळ तयारही झाली: बाळाचे कपडे तुमची वाट बघताहेत. मला ती फार गोड वाटली.

ती चालू करायच्या आधी मला काही जणींशी बोलायचं होतं. ज्यांनी पत्ता आणि नंबर लिहून कार्ट सोडली होती, त्यातल्या मोजक्या बायांना मी मेसेज केला: मी दुकानदार, काही अडचण आली का, बोलायला चालेल का. बहुतेकींनी उत्तर दिलं नाही. अचलपूरच्या एका बाईंनी लिहिलं, "दुपारी करा फोन."

त्यांची कार्ट मला ओळखीची झाली होती. त्या दर काही दिवसांनी यायच्या, तेच पिवळं झबलं आणि पांढरं दुपटं टाकायच्या आणि निघून जायच्या. माझ्या मनाने त्यांच्यावर खर्चाचा शिक्का मारून ठेवला होता.

"पोचवायच्या खर्चामुळे थांबलात का?" मी विचारलं.

"नाही हो ताई. खर्चाचं काही नाही." त्या म्हणाल्या. "माह्या सुनेचे दिवस भरत आले. पहिल्या खेपेले आमी सगळं आधीच आणून ठेवलं होतं. पाळणा, कपडे, सगळं. बाळ घरी आलं नाही." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "ते कपडे वापस कोण घेईन? मीच ठेवले बांधून. म्हणून आता बाळ हातात येईपर्यंत एक धागा घ्यायचा नाही असं ठरवलं. पण मन ऐकत नाही. दुपारी काम झालं की पाहून घेतो. तुमाले तरास होत असला तर नाही टाकणार."

मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, टाका तुम्ही. हवं तितक्या वेळा टाका." मी फोन ठेवला. मी लिहिलेली ती गोड ओळ लॅपटॉपवर तयार होती, बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. तो मेसेज त्यांच्या फोनवर जाऊन पडला असता. कुणी सांगावं, एखाद्या अशा घरी जाऊन पडला असता, जिथे बाळ आलंच नाही.

मी ताईंना फोन केला. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "आपण तर असलं काही मानत नाही ताई. बाळ व्हायच्या आधी कपडे घ्यायचे नाहीत वगैरे."

"नाही मानत," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "पण माह्या दोघा लेकराईच्या वेळी मी तरी कोठी आधी शिवले होते? मशीन घरात होती. सुईत धागा नाही ओवला."

कार्ट सोडून जाणाऱ्या किती बाया अशा वाट बघणाऱ्या होत्या, हे मला कधीच मोजता आलं नाही. पण मैत्रिणीला सांगितल्यावर तिने आठवणीच्या मेसेजचा मुद्दा स्वतःच रद्द केला. "दुसऱ्या कुठल्या दुकानाला मी हाच सल्ला पुन्हा देईन," ती म्हणाली, "पण इथं नाही." त्याऐवजी आम्ही कार्ट बरेच महिने जपून ठेवायची सोय केली आणि पैसे भरायच्या पानावर एक पर्याय दिला: आत्ता ठरवून ठेवा, तुम्ही कळवाल त्या दिवशी पाठवू, तोवर पैसे नाहीत. त्याला क्रमात कुठे बसवायचं ते तिलाही कळलं नाही.

तोवर महिन्याचा शेवट जवळ आला होता. बटणाची दुरुस्ती वाटली तेवढी सोपी निघाली नाही. अ‍ॅपच्या पोटातून फोनच्या ब्राउझरमध्ये नेणारं बटण आम्ही लावलं, तर तिकडे गेल्यावर कार्ट रिकामी! दोन वेगळी घरं असल्यासारखं, इकडचं सामान तिकडे जात नव्हतं. मग मैत्रिणीने लिंकमध्येच कार्टचं सामान बांधून पाठवायची युक्ती केली. पैसे घेणाऱ्या कंपनीला विचारल्यावर कळलं की आमच्या दुकानात त्यांच्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसवलेली होती, तीही बदलली. ज्या दिवशी हे पूर्ण झालं, त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून जाहिरात दाबून दाबून बघितली. यजमान शाळेतून आले, तर चप्पल काढायच्या आधी त्यांच्याही हातात फोन दिला. पैशांचं अ‍ॅप उघडलं. त्यांनी पिन टाकला आणि म्हणाले, "आपल्याले लंगोट घेतलाय मी. आता?" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं मोठ्याने हसलो.

ऑर्डरी यायला लागल्या. धो धो नाही, पण रोज. अकोल्याला माल कमी होतोय म्हणून ताई फोनवर जरा मोकळ्या वाटल्या. त्या भरात आम्ही दुसरी पायरी घेतली आणि पोचवायचा खर्च प्रत्येक कपड्याच्या फोटोखालीच दाखवायला सुरुवात केली. आठवड्याने बघितलं तर सोडलेल्या कार्टचं प्रमाण झपकन खाली आलेलं. मी आनंदाने मैत्रिणीला फोन केला.

"आणि ऑर्डरी?" तिने विचारलं.

मी बघितलं. ऑर्डरी होत्या तेवढ्याच होत्या. मुळात कार्टमध्ये टाकणाऱ्याच बाया कमी झाल्या होत्या. म्हणजे ज्या शेवटी निघून जायच्या, त्या आता दारातूनच परत जात होत्या. सोडून जाणारं कुणी उरलं नाही म्हणून प्रमाण सुधारलेलं दिसत होतं. 

"म्हणून मी कधी नुसतं ते प्रमाण बघत नाही," ती म्हणाली. "दुकानात आलेल्या शंभर जणींत घेऊन गेलेल्या किती, ते बघायचं. निदान आता एवढं कळलं की खर्च अचानक समोर येतो हे दुखणं नव्हतं. खर्चच दुखणं होता. एका झबल्यावर तो जड बसतो ना."

त्यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग मागच्या ऑर्डरी बघता बघता दिसलं की एकेक कपडा घेणारे थोडेच. भेट द्यायला घेणारे तीन-चार कपडे एकत्र घेत होते, आणि त्यांना तो खर्च जड जात नव्हता. मी ताईंना विचारलं, आपण पूर्ण बाळंतविडाच करून विकला तर? झबलं, टोपडं, दुपटं, लंगोट, एकाच डब्यात, पोचवायचा खर्च भावातच धरून?

"मंग तो आधी काऊन नाही केला?" त्या म्हणाल्या. पाठोपाठ मशीनच्या आवाजातून ओरडून कुणाला तरी पिवळं कापड काढायला सांगितलेलं मला ऐकू आलं.

बाळंतविडा चालला. कुठल्या दिवशी पोचेल तेही आता फोटोखाली लिहिलं होतं, त्यामुळे बारशाच्या घाईतली माणसं थांबायला लागली. घरपोच पैशांची सोय आम्ही दोन जिल्ह्यांपुरती उघडली. काही पार्सलं परत आली, पण ताईंचंही बरोबर निघालं, कारण एकदा हातात माल बघितलेल्या बाया पुढच्या वेळी आधी पैसे भरत होत्या. अचलपूरच्या बाईंनी वेबसाइटवरून काहीच घेतलं नाही. जूनमध्ये त्यांचा सरळ फोन आला आणि पलीकडून बाळ रडत होतं. पत्ता सांगतानाही त्या मधेच थांबून कुणाला तरी सांगत होत्या, डोकं सांभाळ, डोकं सांभाळ.

एप्रिलच्या शेवटी ताईंनी बायांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. बटण दुरुस्त व्हायच्या आधीच, काही भरवसा नसताना, त्यांनी सगळ्यांना पुढच्या महिन्याचं कापड वाटून दिलं होतं. मी विचारलं, ऑर्डरी आल्या नसत्या तर?

"मले का माहीत," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं तेव्हा."

कोणत्या उपायाने किती फरक पडला हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याएवढ्या दुकानात तेवढी गिऱ्हाइकंच नसतात की नीट तुलना करून बघावी. बटणाचं मी खात्रीने सांगते. बाकीचं अंदाजाने. नंतर एकदा मी अकोल्याला गेले आणि हॉलमध्ये बसून फोनवर आलेल्या ऑर्डरी बघत होते, तेव्हा भातकुलीची बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, त्या फोनवर कपडे पाह्यणाऱ्या बायाईले आमचा आवाज जातो का?" मी म्हटलं, नाही जात. "बरं आहे, आमी लय काईबाई बोलतो," ती म्हणाली आणि टोपड्याची नाडी ओवायला लागली. मी फोन पिशवीत टाकला. मग थोड्या वेळाने परत काढून बघितला.